ओठाच्या आतली मऊ गाठ: फुटते, जिरते आणि परत भरते, ती का?

प्रश्न: वय २२, गाव चिकोडी तालुक्यात. दीड महिन्यापूर्वी करदंट खाताना खालचा ओठ आतून जोरात चावला गेला. आठ-दहा दिवसांनी तिथं मऊ, पाणी भरल्यासारखी गाठ आली. दुखत अजिबात नाही. दोनदा आपोआप फुटली, चिकट पाणी आलं, सपाट झाली आणि परत आली. ही कॅन्सरची तर नाही ना? कापावीच लागते का? पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे, त्याआधी काढून टाकू का?

उत्तर:

तुम्ही जे लिहिलंय ते जवळजवळ पूर्णपणे म्युकोसीलचं, म्हणजे कातडीखाली लाळ साचून होणाऱ्या गाठीचं, वर्णन आहे. हा कॅन्सर नाही आणि त्याचा कॅन्सर होतही नाही. आत पू नसतो, त्यामुळे अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा उपयोग नाही. घाई करण्यासारखंही यात काही नाही. मात्र दोनदा फुटून दोनदा भरली आहे, म्हणजे ती आपली आपण कायमची जाईल याची आशा आता थोडी कमी झाली आहे. बोटानं चाचपल्याशिवाय कुठल्याही गाठीबद्दल शंभर टक्के सांगता येत नाही, तेव्हा एकदा दाताच्या डॉक्टरांना दाखवावं लागेलच. तोवर ती गाठ अशी का वागते ते समजून घ्या, म्हणजे डॉक्टर काय करतायत आणि कशासाठी करतायत हेही कळेल.

आरशासमोर उजेडात उभे राहा. खालचा ओठ दोन बोटांनी बाहेर उलटा करा, आतली बाजू स्वच्छ रुमालानं टिपून कोरडी करा आणि ओठ तसाच धरून मिनिटभर थांबा. गुळगुळीत गुलाबी कातडीवर दवासारखे बारीक बारीक थेंब उमटायला लागतील. प्रत्येक थेंबाखाली एका छोट्या लाळग्रंथीच्या नळीचं तोंड आहे. गालफुगी झाली की सुजतात त्या मोठ्या लाळग्रंथी वेगळ्या. या बारक्या ग्रंथी ओठ, गाल, टाळू, जीभ असं सगळीकडे मिळून ६०० ते १००० असतात. ओठातल्या ग्रंथी कातडीच्या लगेच खाली, स्नायूच्या वर, अशा मधल्या थरात बसलेल्या असतात. ओठ बोटांत धरून हलकेच चोळला तर भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे हाताला लागतात, ते हेच. यांची लाळ पातळ नसते. ती घट्ट, बुळबुळीत असते, कारण ओठ आणि दात एकमेकांवर घासू नयेत म्हणून तोंडाला वंगण लावत राहणं हे या ग्रंथींचं काम आहे.

आता चावण्याकडे येऊ. ओठ चावला जातो तेव्हा बहुतेक वेळा तो सुळ्याच्या टोकाखाली सापडतो. म्हणून ही गाठ ओठाच्या बरोबर मध्ये क्वचित असते, जरा डावीकडे किंवा उजवीकडे सुळ्यासमोर असते. तुमचीही तिथंच आहे का ते बघा. दाताच्या त्या दाबानं एखादी नळी चिरते किंवा तुटते. वरची जखम चार दिवसांत भरून येते आणि आपण ते विसरूनही जातो. पण आतली नळी तुटलेलीच राहते आणि ग्रंथीला त्याचा पत्ता नसतो, ती आपली लाळ सोडत राहते.

आपल्याकडे उसाच्या फडात ठिबक असतं, त्याची नळी भांगलताना खुरप्यानं कापली गेली की काय होतं ते आठवा. पाणी झाडाच्या मुळाशी पोचत नाही, मध्येच जमिनीत मुरतं आणि तेवढ्या जागी चिखल होतो. ओठात तसंच होतं. लाळ तोंडात यायच्या ऐवजी कातडीखाली साचते. शरीराला ती तिथं परकी वाटते. ते तिच्याभोवती पेशी आणि तंतूंचं कुंपण घालतं आणि ती एका जागी कोंडली जाते. हीच तुमची गाठ. चावल्यावर लगेच न येता आठ-दहा दिवसांनी का आली, याचंही उत्तर यात आहे. साचायला आणि कुंपण व्हायला तेवढा वेळ लागतो.

या कुंपणाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. खऱ्या सिस्टला आतून स्वतःचं अस्तर असतं, पिशवीला असतं तसं. म्युकोसीलला बहुतेक वेळा ते नसतं. ती पिशवी नाही, ते डबकं आहे. त्यामुळे ‘गाठ काढली’ असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर काढायची असते ती गळती.

आता फुटण्या-भरण्याचं चक्र. लाळ साचत जाते, वरची कातडी ताणून पातळ होते. जेवताना दात लागतो, कधी नुसता ब्रश लागतो आणि कधी काहीच न होता ती फुटते. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट, पारदर्शक पाणी येतं, थोडं खारट लागतं. गाठ सपाट होते आणि माणूस सुटलो म्हणतो. वरचं छिद्र दोन-तीन दिवसांत बुजतं, कारण तोंडातल्या जखमा फार लवकर भरतात. छिद्र बुजलं की डबक्याला परत झाकण बसलं. नळी तर तुटलेलीच आहे. मग आठवड्यात, पंधरा दिवसांत, कधी महिन्यानं गाठ पुन्हा पहिल्याएवढी होते.

सारखं फुटून-भरून तिचं रूपही बदलत जातं. नवी आणि वरवरची असताना ती निळसर, काचेसारखी दिसते. तो निळा रंग रक्ताचा नसतो, पातळ कातडीतून आतलं पाणी दिसतं म्हणून तसा भास होतो. खोलवर असली तर कातडीच्याच रंगाची दिसते आणि फक्त बोटाला लागते. चार-पाच वेळा फुटल्यावर वरची कातडी जाड, पांढुरकी, खरखरीत होते आणि गाठही आधीपेक्षा घट्ट लागते. त्या वेळी लोक घाबरतात, ‘डॉक्टर, आता ती कडक व्हायला लागलीय’ म्हणून येतात. तो वण असतो. आकाराचं म्हणाल तर ओठावरची गाठ साधारण तुरीच्या दाण्यापासून मोठ्या हरभऱ्याएवढी असते, दीड सेंटीमीटरच्या वर क्वचितच जाते. एका मर्यादेला ती फुटतेच.

दुखत का नाही? कारण आत जंतू नाहीत, आणि ओठाचं मांस मऊ असल्यानं दाब बसत नाही. दुखते ती एकाच वेळी, फुगलेल्या गाठीवर परत दात बसला की. आणि फुगलेला भाग दाताच्या वाटेत येतो, म्हणून तो वरचेवर चावला जातोच.

काही गाठी आपोआप कायमच्या जातात हेही खरं आहे. एक तर ती ग्रंथी हळूहळू सुकून लाळ करणं थांबवते, नाही तर नळीला तोंडात उघडणारी नवी वाट मिळते. लहान, नव्या, वरवरच्या गाठींमध्ये आणि लहान मुलांमध्ये हे जास्त दिसतं. म्हणून पहिल्यांदा आलेल्या गाठीला मी तीन-चार आठवडे हातच लावत नाही, मुलांमध्ये त्याहून जास्त थांबतो. पण दोन-तीनदा परत भरलेली गाठ ती ग्रंथी अजून जोरात चालू आहे हेच सांगत असते.

एका मुलीची हकीकत सांगतो, ओळख पटेल असे तपशील गाळून. खानापूरकडची, पीयूसी दुसऱ्या वर्षाला, विज्ञान शाखा. डाव्या बाजूला खालच्या ओठात गाठ, दोन महिन्यांत तीनदा फुटलेली. सोबत आई आणि मावशी. पहिल्यांदा आली तेव्हा मावशीनं सुई तापवून फोडली होती. पाणी आलं, गाठ बसली, मावशीचा भाव वाढला. दोन आठवड्यांत परत आली. मग कुणीतरी पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. त्या पाच दिवसांत योगायोगानं गाठ आपली आपण फुटली, तर श्रेय गोळ्यांना गेलं. तिसऱ्यांदा कुणाच्या तरी सांगण्यावरून चुना लावला. त्यानं गाठीचं काही झालं नाही, भोवतालची कातडी मात्र भाजून पांढरी पडली. तीन दिवस पोरीला भाकरीचा तुकडा तोंडात घेता येईना. मावशी मला म्हणाली, “डॉक्टर, फोडली की जाते बघा, पण परत येते की.” तिच्या या एका वाक्यात आजाराचं निदानच होतं.

मी काय पाहिलं? गाठ सुमारे ९ मिलीमीटर, गोल, मऊ, दाबली की आत पाणी हललेलं बोटाला कळायचं. काचेच्या पट्टीनं दाबून पाहिलं तर निळसर रंग गेला नाही. रक्तवाहिनीची गाठ असती तर दाबल्यावर रक्त सरकून ती फिकी पडली असती. मग दात पाहिले. डावा वरचा सुळा किंचित वळलेला आणि त्याचं टोक झिजून धारदार झालेलं, नेमकं गाठीसमोर. आणि बोलताबोलता दिसलं की प्रश्न विचारला की ती खालचा ओठ दातात धरते. आई म्हणाली, अभ्यासाला बसली की तासभर तेच चालू असतं. एकदाच चावल्यानं गाठ येऊ शकते, पण ती वरचेवर येण्यामागं मला बऱ्याचदा अशी सवयच सापडते. तुम्हीही जरा स्वतःवर लक्ष ठेवून बघा.

त्या दिवशी मी फक्त सुळ्याची धार घासून गुळगुळीत केली. तिला सांगितलं, ओठ चावायचा नाही, गाठ फोडायची नाही, आणि ती केव्हा फुटते, केव्हा भरते ते वहीत लिहायचं. तीन आठवड्यांनी आली, तर वहीत एकदा फुटल्याची आणि नवव्या दिवशी पूर्ण भरल्याची नोंद. मग काढायचं ठरलं.

ही शस्त्रक्रिया दवाखान्याच्या खुर्चीवरच होते, पूर्ण बेशुद्ध करावं लागत नाही. भूल लिग्नोकेनची, दात काढताना देतात तीच, त्यात रक्तस्राव कमी व्हावा म्हणून थोडं अॅड्रेनलीन असतं. सुई मी गाठीत घालत नाही, हनुवटीच्या बाजूला जिथून ओठाची नस बाहेर येते तिथं देतो. गाठीजवळ औषध टोचलं की सगळंच फुगतं आणि गाठ कुठली, औषध कुठलं हे कळेनासं होतं. मग सहाय्यक ओठाच्या दोन्ही बाजू बोटांनी घट्ट दाबून ओठ उलटा धरतो. त्या दाबानं गाठ वर येते आणि रक्तही थांबून राहतं. पकडणाऱ्याचा हात स्थिर असला की निम्मं काम झालं.

गाठीवर उभा छेद घेऊन वरची पातळ कातडी अलगद बाजूला करायची आणि डबकं न फोडता भोवतीनं सोडवत जायचं. पण अस्तर नसल्यामुळे ते पुष्कळदा फुटतंच, आणि मग पाणी निघून गेल्यावर हद्द शोधणं अवघड होतं. तिच्या वेळीही शेवटी फुटलं. पण खरं काम त्याच्यानंतरचं आहे. डबक्याच्या तळाशी आणि कडेला पिवळसर-गुलाबी दाण्यांचा घोस दिसतो. गळणारी ग्रंथी त्यातली एक, पण कुठली ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून छेदात जे जे दाणे वर डोकावतात ते सगळे उचलायचे. तिच्या ओठातून सहा-सात काढले. त्यांच्या मधून केसासारख्या बारीक नसा जातात, त्या वाचवायच्या. शेवटी तीन टाके, तेही वरवरचे. टाक्याची सुई खोल गेली तर शेजारच्या चांगल्या ग्रंथीची नळी टोचली जाते आणि आपणच नवी गाठ पेरतो. सगळं मिळून अर्धा तास लागला.

हे मला आधीपासून इतकं स्वच्छ माहीत होतं असं नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी एका शिंपीकाम करणाऱ्या माणसाची अशीच गाठ मी वरचं टोपण कापून, आत साफ करून सोडून दिली होती. छान दिसत होतं. दीड महिन्यानं तो त्याच जागी तशीच गाठ घेऊन आला, आणि वण पडल्यामुळे दुसऱ्यांदा ती काढणं पहिल्यापेक्षा दुप्पट अवघड गेलं. पुस्तकात वाचलेलं होतं, पण दाणे काढायचे म्हणजे नेमकं काय ते मला त्या माणसाच्या ओठानं शिकवलं.

काढलेला तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवायचा. निदानाची खात्री असली तरी पाठवायचा, आणि डॉक्टर पाठवत नसतील तर तुम्ही मागा. लाळग्रंथीची एक दुर्मीळ कॅन्सरची गाठ सुरुवातीला अगदी म्युकोसीलसारखी निळसर आणि मऊ दिसते. ती बहुतेक टाळूवर किंवा अक्कलदाढेच्या मागं येते, ओठावर क्वचित, पण दोघींमधला फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. मुलीचा रिपोर्ट अपेक्षेप्रमाणेच आला: लाळ बाहेर पाझरून साचलेली, भोवती जखम भरताना येतात तशा पेशी, अस्तर नाही.

नंतरचं ऐका, कारण तुम्हाला त्याचा हिशेब लागणार आहे. भूल दोन-तीन तास राहते आणि त्या वेळात ओठ बधिर असतो. लहान मुलं हमखास तो चावून ठेवतात, मोठेही चावतात. बधिरपणा जाईपर्यंत काही चावून खायचं नाही. थंड दूध, ताक चालतं. सूज पहिले दोन-तीन दिवस, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. दुखणं साध्या गोळीनं भागतं. आठवडाभर तिखट रस्सा आणि कडक भाकरी बंद, भाकरी दुधात कुस्करून खा. कोमट मिठाच्या पाण्यानं जेवणानंतर चूळ. टाके सातव्या दिवशी काढायचे. मुलीला टाके काढल्यावरही ओठाच्या तेवढ्या जागी मुंग्या आल्यासारखं वाटत होतं, ते सुमारे सहा आठवड्यांनी गेलं. बारीक नस ताणली जाते त्यानं असं होतं आणि बहुतेकदा ते भरून येतं. क्वचित छोटासा ठिपका बधिर राहून जातो. ही शक्यता डॉक्टरांनी आधी सांगायला हवी. परत येणारी गाठ साधारण पहिल्या काही महिन्यांतच येते, म्हणून मी तिला सहा महिन्यांपर्यंत अधूनमधून बघितलं. आली नाही. ओठ चावायची सवय मात्र पूर्ण गेलेली नाही.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात. छोट्या मुलाला खुर्चीवर अर्धा तास बसवणं अशक्य असेल तर गाठीतून एक जाड दोरा ओवून आठवडा-दीड आठवडा तसाच ठेवतात. दोऱ्याच्या कडेनं लाळेला नवी वाट पडते. हे मला आवडतं, पण मोठ्या, खोल किंवा जुन्या गाठीत त्याचा भरवसा नाही. लेझरनं रक्त कमी जातं, टाके बहुधा लागत नाहीत, म्हणून तो पर्याय चांगला. पण लेझर असो की ब्लेड, दाणे राहिले तर गाठ परत येणारच. तेव्हा ‘लेझर आहे का?’ यापेक्षा ‘ग्रंथीही काढणार ना?’ हा प्रश्न विचारा. सुईनं पाणी ओढून काढणं म्हणजे डबकं उपसणं. जातं चार दिवस.

आता ही गाठ म्युकोसील नसेल तर ते कसं ओळखायचं? वरच्या ओठातल्या गाठीला मी कधीच सहज म्युकोसील म्हणत नाही. तिथं म्युकोसील फार कमी येतो आणि घट्ट, सरकणारी गाठ असेल तर ती लाळग्रंथीतली खरी गाठ असण्याचा संभव जास्त. खालच्या ओठातली गाठ फुटत नाही, कमी-जास्त होत नाही, रबरासारखी घट्ट आणि कातडीच्याच रंगाची आहे, तर ती बहुधा चावून चावून आलेली मांसाची गाठ. तीही निरुपद्रवी, पण वेगळी. दाबल्यावर फिकी पडणारी किंवा बोटाला नाडीचा ठेका लागणारी गाठ रक्तवाहिनीची असते. तिला सुई लावलीत तर रक्त थांबवायला दवाखान्यात पळावं लागेल. घरी गाठ फोडू नका असं मी म्हणतो त्यात जंतूंची भीती आहेच, पण ही भीती मोठी आहे.

आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम. निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू शेतात आहे, बाजारात आहे आणि खालच्या ओठाच्या खोबणीतही आहे. चुना लावून मळलेली चिमूट ज्या जागी रोज ठेवली जाते, तिथं आलेली कुठलीही गोष्ट मी म्युकोसीलच्या हिशेबात धरत नाही. म्युकोसीलवरची कातडी गुळगुळीत आणि अखंड असते, फुटली तरी दोन-तीन दिवसांत मिटते. त्याच्या उलट, कडा कडक असलेला व्रण, न पुसली जाणारी पांढरी किंवा लाल चकती, बोटाला खालून दगडासारखं लागणारं काही, ही लक्षणं तीन आठवड्यांत गेली नाहीत तर बायॉप्सी करायची. तीही सुरुवातीला दुखत नाहीत. तुम्ही तंबाखू, गुटखा किंवा मावा खात असाल तर डॉक्टरांना वडील बाजूला बसलेले असले तरी सांगा, किंवा त्यांना बाहेर पाठवून सांगा.

दाखवायला जाल तेव्हा गाठ भरलेली असेल असा दिवस निवडा. सपाट असताना गेलात तर डॉक्टरांना चाचपायला काही सापडत नाही, आणि काढायला तर अजिबातच सापडत नाही. भरलेली असताना मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवा, ओठ उलटा करून, शेजारी काडेपेटीची काडी धरून, म्हणजे आकार कळतो. नेहमीच्या दंतवैद्याला या कामाचा सराव नसेल तर ते मुखशल्यचिकित्सकाकडे पाठवतील. बेळगावच्या दंत महाविद्यालयांत हा विभाग असतो आणि तिथं हे काम नेहमीचं आहे. रक्त पातळ करणारी गोळी, कसली अॅलर्जी, आधी दात काढताना रक्त जास्त गेलं होतं का, हे विचारायच्या आधीच सांगा.

राहिलं लग्न. सूज दोन-तीन दिवस, टाके सात दिवस, तिखट-कडक बंद आठवडाभर. म्हणजे हळदीच्या आधी पूर्ण दोन आठवडे हातात असतील तर काढून घ्या. वण आतल्या बाजूला असतो, फोटोत दिसत नाही. तेवढे दिवस नसतील तर लग्न होऊ द्या आणि नंतर या. महिनाभर थांबल्यानं गाठीचं काही बिघडत नाही, फार तर आणखी एकदा फुटेल. फुटली तर मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची आणि जेवायला बसायचं. करदंट मात्र दुसऱ्या बाजूनं खा.